बिलात 34 रिंगा, बीममध्ये 21

औशाला घर बांधताना गुत्तेदाराने आम्हाला बीमच्या सळयांभोवती बांधायच्या लोखंडी रिंगांत फसवलं. लोखंडासकट ठेका होता आणि बिल बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे, म्हणजे सळया आणि रिंगांची लांबी-संख्या मांडलेल्या तक्त्याप्रमाणे, किलोवर. शेड्यूल अगदी बरोबर होतं, म्हणूनच शंका आली नाही.

दोन भिंतींवर नुसते टेकलेले सहा सारखे बीम. आकार 230 बाय 450 मिमी, भिंतीच्या आतल्या कडांमधलं अंतर 4 मीटर, लोखंडाबाहेरच्या काँक्रीटचं कव्हर 25 मिमी. खाली 16 च्या तीन सळया, वर 12 च्या दोन, आणि 8 मिमीच्या रिंगा. पहिली रिंग भिंतीपासून 50 मिमीवर, तिथून दोन्ही टोकांना मीटरभर 100 मिमीवर आणि मधल्या भागात 150 वर. म्हणजे टोकांना 11-11 आणि मध्ये 12, एकूण 34.

स्लॅबची जाळी अंथरली की बीमची रिंग वरून नीट दिसतच नाही. तपासणीला इंजिनिअर आले तेव्हा जाळी पडलेली होती. जिन्याजवळचा उघडा बीम त्यांना दाखवला गेला, तो बरोबर होता.

सेंट्रिंग काढल्यावर चोरी बाहेर आली. बाकीच्या बीमच्या तळाला गंजाच्या आडव्या रेघा होत्या. लोखंड फळीपासून वर धरणारे कव्हर ब्लॉक न लावल्यामुळे रिंगा थेट फळीवर बसल्या होत्या. टेप लावला, तर टोकापासून टोकापर्यंत रेघांमध्ये 200 मिमी. मोजल्या, 21 भरल्या. एका बीममागे 13 रिंगा गायब.

एका रिंगेची कापायची लांबी हुक धरून आणि वाकांची वजावट करून साधारण 1.22 मीटर, वजन अर्ध्या किलोला जरा कमी. 13 रिंगा म्हणजे बीममागे सहा किलो. एवढ्याशा लोखंडासाठी!

जाब विचारला तर गुत्तेदार म्हणाला, "काका, कोडात 300 पर्यंत चालतंय की." हे अर्धसत्य आहे. 300 ही कमाल मर्यादा आहे, दोन रिंगांमध्ये कुठेही त्याहून जास्त अंतर नको एवढाच तिचा अर्थ. असा बीम मध्यावर वाकतो, तो ताण खालच्या सळया घेतात. पण बीमला कापू पाहणारं कातरबल टोकांना सर्वांत जास्त असतं आणि तिरकी चीर भिंतीजवळूनच सुटते. तिथे रिंगा किती जवळ लागतात हे भारावरून ठरतं, आणि आमच्या नकाशात ते अंतर 100 मिमी होतं. शिवाय कव्हर नसलेली रिंग गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट पाडते, ते वेगळंच.

इंजिनिअरांनी त्याच दिवशी टेकू परत लावायला सांगितले. टोकांना जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नवं लोखंड आणि काँक्रीट चढवणं, करावं लागणार आहे. राहिलेलं बिल आम्ही त्यासाठी अडवलंय.

तुमचं काम चालू असेल तर जाळी पडण्याआधी प्रत्येक बीममध्ये टेप धरून फोटो काढा, रिंगा शेड्यूलशी जुळवून मोजा आणि खालच्या रिंगेखाली बोट घालून बघा. बोट जात नसेल तर काँक्रीट थांबवा.