किडलेली दुधाची दाढ: काढायची की पल्पोटॉमी करून ठेवायची? आणि ठेवली तर आत औषध कोणतं?

मी पुण्यात लहान मुलांचे दात बघते. गेल्या पावसाळ्यात कोथरूडहून साडेपाच वर्षांची एक मुलगी आई आणि आजीबरोबर आली होती. खालची डावी, मागची दुधाची दाढ किडली होती. बाकरवडी खाल्ली की तुकडे खड्ड्यात अडकायचे आणि ती रडायची, चूळ भरली की थांबायची. रात्री झोपेतून उठत नव्हती, हिरडी सुजलेली नव्हती. आजी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, दुधाचाच दात ना? पडणारच आहे. काढून टाका की."

ती दाढ पडणार हे खरंच, पण दहा ते बाराव्या वर्षी. म्हणजे अजून निदान साडेचार वर्षं तिला तिथे काम आहे, आणि ते काम फक्त चावण्याचं नाही. तिच्या मागे सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, ती या दुधाच्या दाढेच्या पाठीला टेकत वर सरकते. पाठच नसेल तर ती पुढे कलते आणि खाली तयार होत असलेल्या कायमच्या उपदाढेची जागा खाते. एक्स-रेमध्ये या मुलीची कायमची दाढ अजून हिरडीखालीच होती. हा सगळ्यात नाजूक काळ.

"जागा राखायला तार लावतात ना?" आईने विचारलं. लावतात, पण नेहमीच्या तारेत मागच्या दाढेला बसवलेल्या कड्याचा फास पुढच्या दाताला टेकतो, आणि इथे मागची दाढ उगवलेलीच नव्हती. अशा वेळी हिरडीच्या आत पात्यासारखी पट्टी सोडावी लागते, म्हणजे न दिसणारी दाढ तिला अडून वर येते. पट्टीची जागा अचूक साधावी लागते, मुलाला ती सांभाळावी लागते, आणि दाढ वर आली की पुन्हा बदलावी लागते. हे ऐकल्यावर आजींनीच विचारलं, "मग दाढ ठेवायची कशी?"

पल्पोटॉमीत दाढेतला सगळा पल्प, म्हणजे आपण ज्याला नस म्हणतो तो, काढत नाहीत. कीड वरून आत जाते, त्यामुळे आधी वरचा, कोठीतला भाग सुजतो. तेवढा कापून काढायचा आणि मुळांतला जिवंत भाग औषधाखाली शांत ठेवायचा. मुळांतलाही पल्प बिघडला असेल तर ही पद्धत चालत नाही. मग मुळं साफ करून भरावी लागतात किंवा दाढ काढावी लागते. रात्री आपोआप ठणकणं, हिरडीवर पुवाची पुळी, दाढ अवेळी हलणं, एक्स-रेत दोन मुळांच्या मधल्या हाडात काळी सावली, यातलं काहीही दिसलं तर पल्पोटॉमीचा हट्ट धरू नये. या मुलीत यातलं काही नव्हतं.

तरी खरा निकाल दाढ उघडल्यावरच लागतो. भूल दिली, दाढेभोवती रबराचा पडदा लावला, कोठीचं छत काढलं आणि वरचा पल्प कापून काढून सलाइनने धुतलं. तळाशी मुळांची तीन तोंडं दिसली, तिन्हींतून लाल रक्त येत होतं. सलाइनमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा बोळा दाबून धरला. कोरडा बोळा धरायचा नाही, कारण त्याचे तंतू गुठळीत अडकतात आणि बोळा उचलताना रक्त पुन्हा सुरू होतं. तीन मिनिटांनी पुढची दोन तोंडं शांत झाली, मागच्यातून थोडं पाझरत होतं. दुसरा बोळा ठेवला. पाच मिनिटांच्या आत तेही थांबलं. म्हणजे मुळांतला पल्प निरोगी असावा. पाच मिनिटांनंतरही गडद रक्त येतच राहिलं असतं तर मी त्याच बैठकीत बेत बदलला असता.

आता औषध. पालकांना तीन नावं ऐकायला मिळतात.

फॉर्मोक्रेसॉल सगळ्यात जुनं. बकले यांचं मिश्रण 1904 चं, फॉर्मल्डिहाइड आणि क्रेसॉलचं. वास उग्र. ते पल्पला बरं करत नाही, वरचा थर जणू गोठवून टाकतं. दाढा टिकतात, म्हणूनच ते इतकी वर्षं वापरात राहिलं, आणि अमेरिकेतल्या बालदंततज्ज्ञांच्या अकादमीने 2017 च्या सूचनांतही ते मान्य केलं होतं. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. पिळलेल्या बोळ्यातून मुलाच्या अंगात जाणारी मात्रा अगदी थोडी असते, त्यामुळे ज्यांच्या मुलाला हे आधीच लावलंय त्यांनी घाबरू नये. पण तितकंच चांगलं दुसरं हाताशी असताना मी ते वापरत नाही.

फेरिक सल्फेट स्वस्त आणि झटपट. साडेपंधरा टक्क्यांचं द्रावण पंधरा सेकंद लावतात, त्यातलं लोह रक्तातल्या प्रथिनांबरोबर रक्तवाहिन्यांची तोंडं बुजवतं. त्याची खोट याच गुणात आहे. सुजलेल्या पल्पचं रक्तही ते थांबवतं, म्हणजे कापसाने जी परीक्षा घ्यायची तीच झाकून टाकतं. म्हणून रक्त आधी बोळ्याने थांबलं पाहिजे आणि मगच फेरिक सल्फेट. दवाखान्यात हा क्रम विचारून घ्यावा.

तिसरं एमटीए, आणि त्याच कुळातलं बायोडेंटिन. ही कॅल्शियम सिलिकेटची सिमेंटं, ओलाव्यातच घट्ट होणारी. खालचा पल्प जिवंत राहतो आणि सिमेंटच्या बुडाशी स्वतः कठीण थर बांधतो. एमटीए पक्कं व्हायला काही तास घेतं, बायोडेंटिन साधारण बारा मिनिटं. एमटीएने दाढ काळपट पडू शकते, पण वर स्टीलची टोपी येणार असल्याने दुधाच्या दाढेत त्याची चिंता नाही. दोन्ही महाग आहेत. तरी पाच वर्षं टिकवायच्या दाढेसाठी मी हेच निवडते. या मुलीला बायोडेंटिन भरलं. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं नाव कुणी घेतलं तर पल्पोटॉमीसाठी नको म्हणावं, त्याने मूळ आतून झिजण्याचे प्रकार जास्त होतात.

औषधापेक्षा टोपीवर पैसे वाचवण्याकडे पालकांचा कल जास्त असतो, आणि ते मला खरोखर खटकतं. आतून पोकळ केलेल्या दाढेच्या भिंती पातळ राहतात. नुसतं भरून सोडलं की कडेने फट पडते, लाळ आत झिरपते, आणि उत्तम सिमेंटही वाया जातं. टोपी त्याच दिवशी बसवली. भूल उतरेपर्यंत ओठ चावू देऊ नका, एवढं आईला दोनदा सांगितलं, कारण बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावतात आणि दुसऱ्या दिवशी तो सुजलेला असतो.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. मुळांमध्ये सावली नव्हती आणि मागची कायमची दाढ टोपीला टेकून सरळ वर येत होती. दुधाच्या दाढेत बिघाड आधी मुळांच्या मधल्या हाडात दिसतो आणि तो पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून दुखत नसलं तरी ही फेरी चुकवू नये.

त्या वेळी तिचा दहा वर्षांचा भाऊही बरोबर होता, बाजूही तीच आणि दाढही तीच किडलेली. त्याच्या एक्स-रेत दुधाच्या दाढेची मुळं अर्ध्याहून अधिक झिजली होती, आणि कायमची उपदाढ अगदी तिच्या खाली येऊन थांबली होती, वर हाड जवळजवळ उरलं नव्हतं. त्याची दाढ मी काढली. तारही लावली नाही.