पर्सनल, क्रिएटर की बिझनेस? इन्स्टाग्रामचं अकाउंट बदलायच्या आधी हे बघा

आमच्या मावसबहिणीनं कांदा-लसूण चटणी विकायला सुरुवात केली आणि कुणीतरी सांगितलं म्हणून जुनंच इन्स्टाग्रामचं अकाउंट तिनं प्रोफेशनल करून टाकलं. दोन मिनिटांचं काम. सेटिंगमध्ये Switch to professional account दाबलं की झालं. पण ते अकाउंट प्रायव्हेट होतं, सगळे पोरांचे वाढदिवस, रंकाळ्यावरचे फोटो, आणि तीसेक रिक्वेस्ट तिनं मुद्दाम लटकवून ठेवलेल्या.

मेन फरक इथंच आहे बघा. पर्सनल अकाउंट प्रायव्हेट ठेवता येतं, क्रिएटर असो नाहीतर बिझनेस, प्रोफेशनल पब्लिकच लागतं. आणि पब्लिक झालं की लटकलेल्या रिक्वेस्ट आपोआप मंजूर होतात, एकेकीला विचारत नाही कोण. स्क्रीनवर लिहिलेलं असतं तसं, पण आपण पुढं-पुढं दाबत जातो की.

परत पर्सनल करता येतं, हो. पण प्रायव्हेटचं बटण स्वतः चालू करायला लागतं, आणि आत आलेली माणसं आतच राहतात, एकेकाला फॉलोअरमधनं काढत बसायचं (त्यांना नोटिफिकेशन जात नाही, तेवढं बरंय). शिवाय परत फिरलात की तोवरचे इनसाइट्स, म्हणजे रील किती जणांपर्यंत पोचली वगैरे आकडे, जातात.

आता क्रिएटर का बिझनेस? रील बनवणार असाल तर गाणी बघा आधी. बिझनेसला गाण्यांची लायब्ररी बारकी मिळते, बरीच गाजलेली गाणी तिथं दिसतच नाहीत, क्रिएटरला त्यामानानं भरपूर. चटणी कुटतानाच्या रीलवर ट्रेंडिंग गाणं टाकायचंय तर क्रिएटर बरं. पण तीच रील पैसे देऊन बूस्ट करायला गेलात तर कॉपीराइटच्या गाण्यामुळं अडकते, तेव्हा जाहिरातीची रील वेगळी, साध्या आवाजातली काढा.

फोन नंबर आणि ईमेल दोन्हीकडं प्रोफाइलवर दाखवता येतो. सेटअप करताना हे चालू राहिलं तर घरचा नंबर चारचौघांत जातो, म्हणून एडिट प्रोफाइलमध्ये जाऊन काय दिसतंय ते बघाच. मेसेजची पेटी पण Primary आणि General अशी दोन भागांत होते. बहिणीच्या दोन ऑर्डरी General मध्ये पडून होत्या, तिला वाटलं गिऱ्हाईकच नाही!

माझं मत विचाराल तर घरच्या फोटोंचं अकाउंट आहे तसं प्रायव्हेट ठेवा आणि धंद्याला नवीन काढून ते क्रिएटर करा. जुन्याचे फॉलोअर सोडवत नसतील तर स्विच करायच्या आधी रिक्वेस्ट साफ करा आणि पोरांचे फोटो अर्काइव्ह करा, लाइक-कमेंट तशाच राहतात, पाहिजे तेव्हा परत काढता येतात. बहिणीनं शेवटी नवीनच काढलं, जुनं पर्सनल करून प्रायव्हेट केलं, आणि एक अख्खी दुपार त्या तीस जणांना काढण्यात गेली.