धनत्रयोदशीची सकाळ की आधीच्या आठवड्यातली दुपार?

दसरा ते धनत्रयोदशी या पंधरवड्यात साडीच्या दुकानाने सवलतीचे ईमेल आणि एसएमएस केव्हा पाठवावेत, यासाठी ऐन सणाची सकाळ आणि आधीच्या आठवड्यातली कामाच्या दिवसाची दुपार, असे दोन्ही पर्याय मी वापरले आहेत.

सकाळच्या बाजूने बोलायचे तर त्या दिवशी लोक खरेदीच्या मनःस्थितीत असतात. मात्र प्रचाराचे एसएमएस सकाळी १० ते रात्री ९ याच वेळेत पाठवता येत असल्यामुळे, ज्यांना सकाळीच ग्राहक गाठायचा आहे ते बहुतेक सारे १० ची वेळ लावून ठेवतात आणि संदेशांची रांग लागते. माझा कौल फिरला तो इथेच. अहवालातल्या ‘सबमिटेड’च्या रकान्यात १० वाजून काही सेकंद दिसतात आणि ‘डिलिव्हर्ड’च्या रकान्यात दुपार उजाडलेली असते. ‘दुपारी १ पर्यंत सवलत’ हा संदेश सव्वा वाजता हाती पडलेल्या ग्राहकाने फोनवर जाब विचारला, तर त्याचे काय चुकले? मजकुराचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी मंचावर आधीच मंजूर करून घ्यावा लागत असल्याने ऐनवेळी वाक्यही बदलता येत नाही. म्हणून अहवाल पाहताना एकूण किती संदेश पोहोचले यापेक्षा या दोन रकान्यांतले अंतर आधी पाहावे.

दुपार निवडली की ही रांग बरीच ओसरलेली असते, असा निदान माझा अनुभव आहे. दिवस मात्र सणावरून उलटे मोजत ठरवावा. २०२५ मध्ये पाडवा २२ ऑक्टोबरला होता. ब्लाउज शिवायला शिंप्याला आठवडा द्यायचा, तर साडी १४ तारखेपर्यंत घरी हवी. कुरिअरचे तीन-चार दिवस धरले, तर मागणी १० तारखेपर्यंत यायला हवी. त्या हिशेबाने मंगळवारी, ७ तारखेला ईमेल आणि गुरुवारी, ९ तारखेला दुपारी अडीचच्या सुमारास एसएमएस, हा क्रम मला योग्य वाटतो. एसएमएसमध्ये सवलतीपेक्षा ‘ब्लाउज वेळेत शिवून हवा असल्यास उद्यापर्यंत मागणी नोंदवा’ हे वाक्य अधिक कामाचे ठरते. देवनागरी एसएमएस ७० अक्षरचिन्हांच्या पुढे गेला की त्याचे भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे पैसे लागतात. मात्रा आणि रिकाम्या जागाही त्यात मोजल्या जातात.

ईमेलच्या बाबतीत तासाला एवढे महत्त्व नाही. जीमेल तो बहुधा ‘प्रमोशन्स’मध्ये टाकते आणि ग्राहक सवडीने उघडतो, म्हणून साड्यांची छायाचित्रे व किमती तिथे द्याव्यात. तो किती जणांनी उघडला या आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण ॲपलच्या मेल ॲपमधील गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेला ईमेलही उघडलेला दिसू शकतो. दुव्यावरून आलेल्या मागण्याच मोजाव्यात.

सोन्याच्या दुकानाचे गणित कदाचित वेगळे असेल, कारण तिथे धनत्रयोदशीचा मुहूर्तच खरेदीचे कारण असतो. तरीही त्यांनी एसएमएस आदल्या संध्याकाळी सातच्या आसपास पाठवावा, असे मी सुचवेन. तो उशिरा पोहोचला, तरी दुसऱ्या दिवशीचे दुकान उघडायला रात्र शिल्लक असते.