आईच्या साडीसाठी रिठा, पेट्रोल वॉश की चरक?

मामेबहिणीच्या लग्नाला 11 दिवस उरले होते तेव्हा सईने कपाटाच्या तळातून आईची कांजीवरम काढली. मोतिया अंग, कुंकवी काठ. आई गेल्यापासून 9 वर्षं साडी एकाच घडीत होती. घडीच्या प्रत्येक कडेवर पिवळट रेघ उमटली होती, आणि पदराजवळच्या एका घडीवर रेशीम इतकं विरलं होतं की उजेडाकडे धरल्यावर पलीकडच्या खिडकीचे गज दिसत होते.

मावशी म्हणाली, "अगं, रिठ्याच्या पाण्यात घाल, आम्ही सगळ्या तशाच धुवायचो." कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने साडी चिमटीत धरून सांगितलं, "पेट्रोल वॉश करून चरक मारून देतो, ताई, नवी दिसेल." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. प्रश्न या साडीचा होता.

सईने आधी फॉलचे दोन टाके उसवले. फॉलखाली उजेड न पोचलेली बोटभर पट्टी होती, तीच साडीचा मूळ रंग. मग पांढऱ्या रुमालाचं टोक गार पाण्यात भिजवून काठाच्या उलट बाजूवर दाबून ठेवलं. दोन मिनिटांनी रुमालावर फिकट गुलाबी ठसा होता. काठ कच्चा. तिसरी परीक्षा महत्त्वाची, आणि बहुतेक जणी तीच गाळतात: ओला कापूस पिवळ्या रेघेवर हलकेच टेकवायचा. कापूस पिवळा झाला तर तो घाम किंवा सांडलेलं सरबत, म्हणजे पाण्याने निघणारा डाग. कापूस पांढराच राहिला तर रेशमाचा धागाच हवा-उजेडाने पिवळा पडलाय. सईचा कापूस पांढराच राहिला.

रिठ्याची ताकद घाम, साखर, जुनी खळ काढण्यात आहे, आणि साबणासारखा तो रेशमाला कडक पडत नाही. अंग-काठ एकाच पक्क्या रंगाचे असते तर मीही मावशीच्या बाजूने बोलले असते. इथे मात्र काढायला डागच नव्हता, आणि कुंकवाचा रंग मोतियावर उतरला असता तर तो परत काढणं कोणालाच जमलं नसतं.

पेट्रोल वॉशमध्ये पाणी नसतं, म्हणून कच्चा काठ बहुधा तगतो. तेल, तूप, निऱ्यांना चिकटलेला मळ निघतो. घाम आणि साखर मात्र तशीच राहते, आणि नंतर इस्त्रीच्या उष्णतेने न दिसणारा जुना डाग तपकिरी होऊन वर येतो. म्हणूनच कापसाची परीक्षा लाँड्रीत जायच्या आधी करायची. पिवळेपणाबद्दल सईने लाँड्रीवाल्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, थोडा उजळेल, जाणार नाही. प्रामाणिक उत्तर. "ब्लीच करून देतो" असं कोणी म्हणालं असतं तर साडी उचलून घरी यावं. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये रेशीम विरघळतं.

मग चरक. ओलसर साडी ताणून रुळांतून काढली की घडीच्या खुणा मोडतात, कापड सपाट होतं. धडधाकट साडीला उत्तम. पण तोच ताण विरलेल्या जागी पडला की तिथे चीर पडते, आणि सईच्या साडीत ती जागा पदराजवळ होती, जिथे सगळ्यांची नजर जाते. तिने पेट्रोल वॉश घेतला, चरकला ठाम नकार दिला. साडी रंगवून घ्यायचा सल्लाही एकीने दिला; गरम रंगात विरलेलं रेशीम आणि जर दोन्ही घालवायचं असेल तरच तो मानावा.

साडी पाचव्या दिवशी परत आली. विरलेल्या जागेला रफूगाराने उलट बाजूने तळहाताएवढा पातळ रेशमी तुकडा लावला. ती जागा रफूने भरायची असा आधी सईचा हट्ट होता, पण त्याने दाखवलं की कडेचे धागे इतके कमकुवत आहेत की नवा धागा ओढला की तेच तुटतील. अस्तर ताण घेतं, कापडाला घ्यावा लागत नाही. घडीच्या खुणा सईने घरीच काढल्या: साडी उलटी, वर ओलसर सुती पंचा, इस्त्री सर्वांत कमी उष्णतेवर, घासायची नाही, दाबून उचलायची. जरीवर तेवढंही नको म्हणून काठ तसाच सोडला.

लग्नात तिने पदर एका बाजूने जास्त सोडला, अस्तराची जागा खांद्यामागे गेली. पिवळ्या रेघा निऱ्यांत लपल्या, एक मात्र पाठीवर राहिली. मामी जवळ येऊन काठ चाचपत म्हणाली, "ही ताईची ना? काठावर हळदीचा डाग होता, तो कुठे गेला?" सईला तो डाग ठाऊकच नव्हता.

परतल्यावर तिने कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची नळी मागून आणली, धुतलेल्या जुन्या धोतरात साडी गुंडाळून तिच्यावर चढवली. आता ती नळी कपाटात मावत नाही, पलंगाखाली आहे.