घरोघरी सर्वेक्षणाची साहित्य-यादी आणि रोजचा फॉर्मचा मेळ: उन्हाळ्यापासून वापरल्यानंतरचा अनुभव

प्रशिक्षणात आम्हा सर्वेक्षकांना प्रत्येकी एक छापील कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला पिशवीत काय काय हवं त्याची यादी आहे: कोरे फॉर्म, घरयादी, ओळखपत्र, प्राधिकारपत्राची प्रत, पेनं, पॅड, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, पाण्याची बाटली. मागच्या बाजूला रोज संध्याकाळी भरायचा तक्ता आहे. उन्हाळ्यापासून मी हे कार्ड सोलापुरात वापरते आहे. बहुतेक काम पूर्व भागातल्या पेठांमध्ये, काही कुंभारीकडच्या विडी घरकुलात, थोडं विजापूर रोडच्या अपार्टमेंटमध्ये झालं. माझं मत आधीच सांगते. यादीची बाजू बरी आहे, पण या कार्डाची खरी किंमत मागच्या तक्त्यात आहे. त्या तक्त्यात दोन रकाने कमी आहेत, तेही सांगते.

आधी पिशवीबद्दल. यादीत 'पेन 2 निळे, 1 काळे' असं आहे. मी आता तिन्ही निळी आणि एकाच कंपनीची साधी बॉलपेनं ठेवते. एका फॉर्मवर दोन रंगांची शाई आली की तपासणारा विचारतो, हे नंतर कोणी भरलं? जेल पेन तर नकोच. एप्रिल-मे महिन्यात हाताला घाम असतो, त्याचा थेंब पडला की जेलची शाई पसरते आणि मोबाईल नंबरातला 3 होता की 8 ते कळत नाही. बॉलपेनची अडचण वेगळी आहे. घामट तळवा जिथे कागदाला लागतो तिथे ते उमटत नाही. म्हणून लिहिणाऱ्या हाताखाली एक रद्दी कागद धरायचा. तीनपैकी एक पेन मी दोऱ्याने पॅडलाच बांधलं आहे. ते फक्त समोरच्या माणसाच्या सहीसाठी असतं, कारण सहीला दिलेलं पेन घरात राहून जाणं हे पेन कमी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. शाईचं पॅड इथल्या उन्हात लवकर सुकतं. सकाळी निघताना रद्दी कागदावर एक ठसा उमटवून बघितला की पुरतं.

ओळखपत्राबद्दल यादी फक्त 'गळ्यात घालावे' एवढंच म्हणते. सोलापूरच्या उन्हात आम्ही सगळ्याच जणी तोंडाला स्कार्फ बांधून फिरतो. तसंच दारात उभं राहिलं तर कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवायचा कसा? दाराची कडी वाजवण्याआधी स्कार्फ सोडायचा, कार्ड ओढणीच्या वर काढायचं, मगच हाक मारायची. दोरीवरचं कार्ड चालताना उलटं होतं आणि मागची कोरी बाजू दिसते, म्हणून मागच्या बाजूलाही मी त्याच कार्डाची झेरॉक्स सरकवली आहे. मुदतीची तारीख ठळक दिसायला हवी. साखर पेठेत एका आजींनी सरळ विचारलं होतं, "कार्ड दावा की ओ ताई, अन् तारीख कुठवर हाय?" त्यांचं बरोबरच होतं. ओटीपी मागून फसवल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या आहेत. कार्डाचा फोटो काढायचा म्हणाले तर काढू द्यायचा. आपण मात्र त्यांच्या आधारचा फोटो काढायचा नाही आणि ओटीपीचा विषयही काढायचा नाही.

आता मागची बाजू. आमच्या प्रत्येक फॉर्मवर छापील क्रमांक असतो. सकाळी गठ्ठा घेताना पहिला आणि शेवटचा क्रमांक तक्त्यात लिहायचा. संध्याकाळी चार आकडे भरायचे: पूर्ण, अर्धवट, रद्द, कोरे. चारांची बेरीज सकाळी घेतलेल्या फॉर्मइतकी आली पाहिजे. हा झाला कागदाचा मेळ. त्याखाली दुसरा, घरांचा मेळ आहे: पूर्ण, अर्धवट, नकार, घर बंद. ही बेरीज घरयादीत त्या दिवशी गाठलेल्या दारांइतकी यायला हवी. बंद घराला किंवा नकाराला फॉर्म खर्च होत नाही, फक्त घरयादीत नोंद होते. रद्द फॉर्म कागदाच्या हिशोबात येतो, पण त्याला घर नसतं. दोन्हीकडे सारखे असतात ते फक्त पूर्ण आणि अर्धवट.

एक दिवस पूर्ण मांडून दाखवते. पूर्व भागातल्या एका गल्लीसाठी मी 0451 ते 0480 असे 30 फॉर्म घेतले होते. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी बसून मोजले तर पूर्ण 18, अर्धवट 3, रद्द 2, कोरे 6. बेरीज 29. एक फॉर्म कमी. अशा वेळी पुन्हापुन्हा गठ्ठा मोजत बसण्यात काही अर्थ नाही, कारण मोजून फक्त 'एक नाही' एवढंच कळतं, कुठला नाही ते कळत नाही. सगळे फॉर्म क्रमांकाने लावायचे. लावल्यावर 0463 नाही असं दिसलं. मग घरयादी उघडली. प्रत्येक घरासमोर मी फॉर्मचा क्रमांक लिहिते. 14 नंबरच्या घरासमोर 0462 होता आणि 15 समोर थेट 0464. म्हणजे 0463 कोणाकडे भरलाच गेला नव्हता, तो कुठेतरी कोराच असणार. नवे कोरे कागद एकमेकांना चिकटून निघतात, म्हणून शेजारचे दोन फॉर्म उचलून बघितले. 0462 च्या मागे 0463 चिकटलेला होता आणि त्यावर वरच्या फॉर्मच्या अक्षरांचे पेनचे वळ उठलेले होते. कोरे 7 झाले, बेरीज 30 झाली. घरयादीत 14 समोर 0462 आणि 15 समोर 0463 असं असतं, तर भरलेला फॉर्म हरवलाय हे कळलं असतं आणि त्याच घरी पुन्हा जावं लागलं असतं.

त्याच दिवशीचा घरांचा मेळ असा होता: पूर्ण 18, अर्धवट 3, नकार 1, बंद 5, एकूण 27 दारं. यादीत खुणाही 27 च होत्या. तुम्ही म्हणाल, कागद जुळल्यावर हे पुन्हा कशाला? कागदाचा मेळ अचूक असूनही काम चुकलेलं असू शकतं. एकाच घराचे दोन फॉर्म भरले गेले, सकाळी सासूने सांगितलं आणि दुपारी सुनेने, तरी कागदाची बेरीज बरोबरच येते. ते फक्त घरयादीत दिसतं: एका घरासमोर दोन क्रमांक. विडी घरकुलात हे खास जपावं लागतं. ओळीने सारखीच घरं, सारखीच दारं. शेजारच्या रे नगरात तर 2024 च्या जानेवारीत एका वेळी 15,000 घरं दिली गेली. अशा वस्तीत 'निळ्या दाराचं घर' असली आठवण कामाची नाही. दारावरचा क्रमांक वाचूनच लिहायचा. शिवाय विडी कामगार बायका तयार विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या असतात, तेव्हा दार बंद असतं किंवा लहान मूल उघडतं. मुलाने दार उघडलं तरी ते 'घर बंद' मध्येच लिहायचं आणि पुन्हा कधी यायचं ती वेळ बाजूला टिपायची. पाण्याच्या दिवशीही अर्धवट फॉर्म जास्त येतात. नळ आला की माणूस मध्येच उठणार, त्याला थांबवता येत नाही.

हा सगळा मेळ घरी जाऊन नाही, वस्ती सोडण्याआधी घालायचा, असं कार्डावर लिहिलं आहे. त्यातली ही सूचना मला सगळ्यात मोलाची वाटते. टपरीवर चहा येईपर्यंत तो होतो. त्याच वेळी प्रत्येक पूर्ण फॉर्मवर तीनच गोष्टी बघते: सही किंवा अंगठा आहे का, मोबाईलचे आकडे 10 आहेत का, कुटुंबातली माणसं आणि वर लिहिलेली संख्या जुळते का. काही राहिलं असेल तर ते घर चार पावलांवर असतं. रात्री घरी कळलं तर दुसऱ्या दिवशी रिक्षाचं भाडं घालून यावं लागतं, आणि तेव्हा तेच माणूस भेटेल याची खात्री नसते.

आता उणिवा. पहिली, तक्त्यात 'मागील बाकी'चा रकाना नाही. वर सांगितलेल्या दिवशी माझ्याकडे आदल्या दिवसाचे 4 अर्धवट फॉर्म होते. त्यातले 2 त्या दिवशी पूर्ण झाले. म्हणजे कार्यालयात देण्याचे 18 नाही, 20 झाले, आणि अर्धवट 3 नाही, जुने 2 धरून 5 राहिले. छापील तक्त्यात याला जागाच नाही. नवे आणि जुने मिसळले की 30 च्या बेरजेत 4 जास्त येतात आणि माणूस गोंधळतो. मी बाजूला पट्टीने एक रकाना आखला आहे: कालची बाकी, त्यातले आज पूर्ण, आजचे नवे अर्धवट, उद्याला बाकी. जुने अर्धवट पिशवीतल्या वेगळ्या बटणाच्या फोल्डरमध्ये असतात, आजच्या गठ्ठ्यात कधीच नाही. रद्द फॉर्मही फाडून टाकायचे नाहीत. तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहायचं, सही करायची आणि जपून परत द्यायचे, नाहीतर तो क्रमांक कायमचा 'हरवलेला' ठरतो.

दुसरी उणीव सुपरवायझरच्या पोचेची. आम्हाला मोबदला पूर्ण फॉर्ममागे मिळतो, त्यामुळे किती दिले याचा पुरावा लागतोच. तक्त्याखाली सहीला ओळ आहे, पण ती फक्त माझ्या सहीला. मी खाली अजून एक ओळ आखून त्यावर 'मिळाले 20', फॉर्मचे क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेते. पहिल्यांदा सही करायला त्यांनी कुरकुर केली, आता तेच स्वतःहून पेन काढतात.

तिसरी गोष्ट लहान आहे. कार्ड दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेलं आलं. पुढची बाजू तशीच ठीक, पण मागच्या तक्त्यावर पेन उमटत नाही आणि मार्कर घामाने पुसतो. मी तक्ता वहीच्या पानांवर उतरवून घेतला, रोज एक पान. त्याचा फायदा असा की मागच्या दिवसाचं पान लगेच सापडतं.

मोबाईलवर सर्वेक्षण करणाऱ्यांना कागदाचा मेळ लागणार नाही, पण घरांचा लागेल. शिवाय ॲपमध्ये भरलेले आणि अपलोड झालेले हे दोन आकडे वेगळे लिहावे लागतील, कारण जिथे रेंज नाही तिथे ते सारखे नसतात. कागदी फॉर्मवर काम करणाऱ्यांनी मात्र हे कार्ड जरूर घ्यावं आणि पहिल्याच दिवशी दोन रकाने वाढवावेत. मध्ये एकदा महिन्याच्या शेवटी कार्यालयाच्या आकड्यात माझे फॉर्म कमी दाखवले गेले. मी त्या तारखेचं पान उघडून पोचेवरचे क्रमांक वाचून दाखवले. ते फॉर्म दुसऱ्या प्रभागाच्या गठ्ठ्यात बांधले गेले होते, आणि क्रमांक हातात असल्याने तासाभरात सापडले.