डिलिव्हरी चार्ज बिलावर लावायचा की वजनावर?

आमच्या छोट्या ऑनलाइन दुकानात गूळ, गोडा मसाला आणि उन्हाळ्यात कुरडया असतात. डिलिव्हरी चार्जच्या दोन्ही पद्धती मी वापरून पाहिल्यात. एक बिलावर चालते: हजाराच्या आत सरसकट ८० रुपये, हजारापासून पुढे मोफत. दुसरी वजन आणि झोनवर, म्हणजे पार्सल किती किलोचं आणि पिनकोड कुठला, यावर.

बिलाची पद्धत दुकान उघडताना फार सोयीची वाटते. गिऱ्हाइकाला पिनकोड टाकायच्या आधीच चार्ज कळतो, ९०० रुपयांवर आलेला माणूस मसाल्याचं आणखी एक पाकीट घेतो. वर्षभर आमचं तिच्यावर बरं चाललं होतं.

मग गुळाची एक ऑर्डर आली. १२ किलो, ९० रुपये किलोनं बिल १०८० रुपये, पत्ता महाराष्ट्राबाहेरचा. हजार ओलांडले म्हणून डिलिव्हरी मोफत. खोका आणि पॅकिंगचे ६०० ग्रॅम धरून पार्सल झालं १२.६ किलो. कुरिअरवाला पुढचा पूर्ण किलो धरतो, म्हणजे १३. राज्याबाहेरचा माझा दर पहिल्या किलोला ८५ आणि पुढच्या प्रत्येक किलोला ४० रुपये. हिशोब आला ५६५. गुळात मला किलोमागे साधारण २० रुपये सुटतात, म्हणजे १२ किलोचे २४०. ३२५ रुपये खिशातून गेले. आणि अशा ऑर्डरी वाढतच गेल्या, कारण माल जितका जड तितकी ‘मोफत’ची गोडी जास्त. मला बिलाची पद्धत सोडायला लावली ती याच गोष्टीनं.

मसाल्यात हा त्रास कधीच झाला नाही. पाव किलोचं पाकीट २२० रुपयांना, म्हणजे किलोला ८८०. हजाराचा मसाला पॅकिंगसकट दीड किलोच्या आत बसतो, हजाराचा गूळ अकरा किलोंच्या वर जातो. तुमच्या सगळ्या मालाचा किलोमागचा भाव जवळपास सारखा असेल, तर बिलाची पद्धत पुरेशी आहे, आणि तेव्हा मीही तीच घेईन. भावात अशी दहापट तफावत असेल तर मात्र अवघड आहे.

वजनाच्या पद्धतीलाही कष्ट आहेत. वूकॉमर्समध्ये साधा फ्लॅट रेट वजन बघत नाही, वेगळं प्लगइन लागतं. झोनची यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिला जुळलेला झोन लागू होतो. म्हणून ईशान्येकडचे `78*`, `79*` आणि सिक्कीमचे `737*` हे ‘उर्वरित भारत’च्या वर ठेवायचे, नाहीतर गुवाहाटीच्या पार्सलला नागपूरपलीकडचा दर लागतो.

खरी मेहनत कुरडयांनी करायला लावली. दोन किलो कुरडयांना ४० × ३० × ३० सेंटीमीटरचा खोका लागतो. कुरिअरवाला लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ५००० नं भागतो: ७.२ किलो. प्रत्यक्ष वजनापेक्षा हे जास्त, म्हणून बिल याचंच. त्यामुळे मी एक किलो कुरडयांचं वजन सॉफ्टवेअरमध्ये ३.६ किलो भरलंय. सोबत गूळ असेल तर हिशोब थोडा चढा येतो, कारण कुरिअरवाला एका खोक्याचं कुठलं तरी एकच वजन धरतो, दोन्हींची बेरीज नाही. अशा ऑर्डरी कमी असतात, त्यांचे जास्तीचे पैसे मी परत करतो.

‘मोफत’ मी काढून टाकलं नाही, फक्त त्याला वजनाची मर्यादा घातली. हजारापासून पुढे पहिले दोन किलो मोफत, कुठलाही झोन असो:

```
slabs  = ceil(weight_kg)
charge = first + (slabs - 1) * next
if subtotal >= 1000:
    charge = max(0, charge - (first + next))
```

आता तीच गुळाची ऑर्डर ५६५ वजा १२५, म्हणजे ४४० रुपये चार्ज दाखवते. मसाल्याची पाच पाकिटं देशात कुठेही आजही मोफत जातात. राज्याबाहेरच्या मोठ्या गूळ-ऑर्डरी कमी झाल्या हे खरं, पण ज्या येतात त्यांत काहीतरी उरतं. `subtotal` कूपन वजा करून धरायचा की आधीचा, हे एकदाच ठरवा. मी आधीचा धरतो. नाहीतर दहा टक्क्यांचं कूपन लावताच १०८० चे ९७२ होतात, आणि सूट घेणाऱ्याच्याच बिलात डिलिव्हरी चार्ज वाढतो.

गिऱ्हाइकाची तक्रार एकच यायची, चार्ज अगदी शेवटी कळतो. त्यासाठी पिनकोडची चौकट मी पैसे भरायच्या पानावरून उचलून प्रत्येक वस्तूच्या पानावर, किमतीच्या खाली आणली. तेव्हापासून गुळाबद्दलचे फोन जवळपास थांबले.