टास्क अ‍ॅपमधली २० तारीख १९ का दिसते: सात-आठ महिने वापरल्यानंतर

आमचं पुण्यातलं अकाउंट्सचं ऑफिस आहे. अर्धी कामं इथल्या जीएसटीची, अर्धी अमेरिकेतल्या क्लायंट्सची. त्यासाठी घेतलेल्या टास्क अ‍ॅपचं नाव इथे देत नाही, कारण हा दोष बऱ्याच अ‍ॅप्समध्ये सापडतो. बाकी अ‍ॅप चांगलं आहे: झटपट चालतं, फाइल जोडणं सोपं आहे, मोबाइलवर अडकत नाही. त्रास झाला तो तारखांचा.

जीएसटीआर-३बी भरायची तारीख २० नोव्हेंबर. टास्कमध्ये तीच टाकली होती. माझ्या फोनवर २० दिसत होती, त्याच लॉगिनने लॅपटॉपवर १९. न्यू जर्सीहून काम बघणाऱ्या मॅडमच्या स्क्रीनवरही १९, आणि त्यांच्या दुपारनंतर तेच टास्क लाल होऊन मुदत संपल्याचं दाखवायला लागलं. त्यांचा मेसेज आला, "अजून भरलं नाही का?" तारीख कोणी बदलली म्हणून हिस्टरी उघडली, तर तिथे बदलाची नोंदच नव्हती.

उलगडा झाला तो सेटिंगमधलं 'तारखेसोबत वेळ दाखवा' चालू केल्यावर. लॅपटॉपवर १९ नोव्हेंबरच्या पुढे दुपारचे दीड वाजलेले दिसले. आम्ही वेळ टाकलीच नव्हती. नुसती तारीख दिली की हे अ‍ॅप आतल्या आत त्या दिवसाची मध्यरात्र धरतं, म्हणजे २० तारीख, भारतीय वेळ ००:००. जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे साठवलं गेलं १९ तारखेचं १८:३०. न्यूयॉर्क हिवाळ्यात त्याहून आणखी पाच तास मागे, म्हणून दुपारी दीड. फोन स्वतःचा टाइम झोन वापरत होता, ब्राउझर मात्र प्रोफाइलमधला. प्रोफाइलला खातं उघडतानाच क्लायंटच्या वर्कस्पेसचा America/New_York लागलेला होता.

हे लवकर लक्षात आलं नाही, कारण घोळ एकाच बाजूने होतो. मॅडमनी तिकडून ३१ जानेवारी टाकली, तर त्यांची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेदहा, तारीख ३१च. त्यांच्या तारखा इथे बरोबर, आपल्या तिथे एक दिवस आधी. काही अ‍ॅप्स मध्यरात्रीऐवजी २३:५९ धरतात; तिथे नेमकं उलटं होतं, तिकडची ३१ इथे १ फेब्रुवारी होते. आपल्याला जास्त महागात पडेल ते हेच, कारण दिवस उशिराचा दिसतो.

तुमच्याकडे असं होत असेल तर वेळ दाखवणं चालू करा आणि आकडा बघा. यूटीसीत १८:३० किंवा न्यूयॉर्कमध्ये दुपारचा दीड (उन्हाळ्यात अडीच) दिसला, तर भारतातली मध्यरात्र साठवली आहे. इथे पहाटेचे साडेपाच दिसले, तर अ‍ॅपने यूटीसीची मध्यरात्र धरली आहे. कॅलेंडरला जोडायची .ics फाइल मिळत असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा. आमच्या फाइलमध्ये आधी पहिली ओळ होती, हवी होती दुसरी:

```
DTSTART:20251119T183000Z
DTSTART;VALUE=DATE:20251120
```

पहिली ओळ एक क्षण सांगते आणि बघणाऱ्याच्या टाइम झोनप्रमाणे सरकते. दुसरी नुसती तारीख आहे, ती कुठेही २०च राहते. कायद्याने ठरलेल्या तारखेला दुसरीच पाहिजे.

प्रोफाइलचा झोन Asia/Kolkata केल्यावर माझा लॅपटॉप सुधारला, पण मॅडमना १९च दिसत राहिली. एका अपडेटनंतर टास्कमध्ये 'पूर्ण दिवस' असा पर्याय आला, त्याने ते मिटलं. जुन्या टास्कवर मात्र तो आपोआप लागत नाही. नवीन आर्थिक वर्षाच्या रिटर्नची सगळी टास्क आम्ही पुन्हा तयार केली. ज्या कामाला खरंच वेळ आहे, उदाहरणार्थ कॉल, तिथे पूर्ण दिवस लावू नका. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ मागे गेल्यावर साडेआठ. हा बदल बरोबरच आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ऑफिसातल्या सवयीची. मुलं म्हणायला लागली होती, "दाखवते त्यापेक्षा एक दिवस असतोच हातात." तिकडून टाकलेल्या तारखेला तो दिवस नसतो, आणि स्क्रीनवर दोन्ही तारखा सारख्याच दिसतात. म्हणून आता टास्कच्या नावातच तारीख लिहितो: 'जीएसटीआर-३बी, २० तारीख, भारत'.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. सीएसव्ही एक्सपोर्टमध्ये जुनी टास्क अजून 2025-11-19T18:30:00Z अशीच येतात, आणि एक्सेलमध्ये पहिली दहा अक्षरं कापून तारीख काढली की पुन्हा १९. सपोर्टला स्क्रीनशॉटसकट कळवलं आहे. एकाच देशात काम असेल तर अ‍ॅप बिनधास्त घ्या. टीम दोन देशांत असेल, तर पैसे भरण्याआधी ट्रायलमध्येच एक नुसत्या तारखेचं टास्क करा, प्रोफाइलचा झोन America/Los_Angeles करा आणि तारीख हलते का ते बघा.